वाचनालयातील अर्थविषयक व्याख्यानमालेचे पत्रक : पहिली ओळ कशी लिहावी

तालुक्याच्या गावातील सार्वजनिक वाचनालय जेव्हा घरगुती पैशाच्या व्यवहारांवर व्याख्यानमाला ठरवते, तेव्हा पत्रकाच्या वरच्या भागात बहुधा "आर्थिक साक्षरता व्याख्यानमाला" असे शब्द मोठ्या टाइपात छापले जातात आणि त्याखाली वक्त्यांची नावे, अध्यक्ष, प्रमुख उपस्थिती, तारीख व वेळ येते. असे पत्रक चुकीचे नसते, पण ते वाचणारे फक्त तेच लोक असतात जे त्याशिवायही आले असते. ज्याची ठेव नुकतीच मुदत संपून नव्याने ठेवली गेली आहे, ज्याने ट्रॅक्टरच्या हप्त्यासाठी महिन्याच्या व्याजाने पैसे उचलले आहेत, किंवा जिच्या पतीच्या पासबुकातून दरवर्षी वीस रुपये कापले जातात पण ते कशाचे हे तिला ठाऊक नाही, त्या माणसाला "आर्थिक साक्षरता" या शब्दांत आपले काही आहे असे वाटत नाही. त्याला थांबवायचे काम पत्रकाच्या पहिल्या ओळीला करावे लागते. ती ओळ कशी शोधायची, कशी तपासायची आणि छापताना तिचे काय होते, एवढ्याच गोष्टीविषयी हा लेख आहे.

ओळ लिहिण्याआधी वक्त्याशी बोलावे

पहिली ओळ व्याख्यानातून निघावी लागते. ती पत्रक लिहिणाऱ्याच्या कल्पनेतून निघाली तर सभागृहात बसलेल्या माणसाला फसवल्यासारखे वाटते. म्हणून लेखणी हातात घेण्यापूर्वी प्रत्येक वक्त्याला एकच प्रश्न विचारावा : "तुमचे व्याख्यान ऐकून घरी गेलेला माणूस कपाट उघडून कोणता कागद पाहील?" हा प्रश्न जाणूनबुजून असा विचारायचा असतो. "तुमचा विषय काय" असे विचारले तर "बचत आणि गुंतवणूक" असे उत्तर मिळते, आणि त्यातून ओळ निघत नाही. कागदाबद्दल विचारले की वक्ता ठेवपावती, पासबुक, विम्याची पॉलिसी, कर्जाचा करारनामा, दागिन्याचे बिल अशा वस्तूंची नावे घेऊ लागतो, आणि पकड घेणारी ओळ जवळजवळ नेहमी अशा एखाद्या वस्तूपासूनच सुरू होते, कारण ती वस्तू वाचणाऱ्याच्या घरात आधीच असते.

उदाहरणादाखल पाच शनिवारांची एक मालिका धरू : ठेवींची सुरक्षितता, कर्जाचे खरे व्याज, नॉमिनी व वारस, स्वस्त सरकारी विमा, आणि सोन्याची खरेदी. यांतील प्रत्येक विषयाला खानदेशातल्या घरात एक कागद किंवा एक सवय सापडते. कर्जाच्या व्याख्यानासाठी बाजारात सर्रास बोलली जाणारी भाषाच उपयोगी पडते, कारण हातउसने किंवा सावकारी पैसे घेताना व्याज वर्षाचे नव्हे तर महिन्याचे सांगितले जाते. "शेकडा दोनने घेतले" असे म्हणणाऱ्याला दोन हा आकडा लहान वाटत राहतो. त्यासाठीची ओळ अगदी साधी असू शकते :

"शेकडा दोन म्हणजे वर्षाला किती?"

दरमहा दोन म्हणजे वर्षाला चोवीस टक्के, आणि व्याज महिन्याच्या महिन्याला न देता मुद्दलात मिळत गेले तर त्याहूनही अधिक. ओळीत उत्तर दिलेले नाही, पण वाचणारा उभ्या उभ्या मनात गुणाकार करतो, आणि तो गुणाकार करतो याचा अर्थच तो थांबला असा होतो.

विम्याच्या व्याख्यानाला पासबुक उपयोगी पडते. प्रधानमंत्री सुरक्षा बीमा योजनेचा वार्षिक हप्ता २० रुपये आहे, तो मे-जूनच्या सुमारास खात्यातून आपोआप कापला जातो आणि अपघाती मृत्यू झाल्यास दोन लाख रुपयांचे संरक्षण असते. अनेक घरांत खातेदाराने कधीतरी फॉर्मवर सही केलेली असते, पण घरच्यांना ते माहीत नसल्याने प्रसंग ओढवला तरी कोणी दावाच करीत नाही. तेव्हा ओळ अशी होते : "पासबुकात २० रुपये कापल्याची नोंद आहे का? ती कशाची, हे घरी सांगितले आहे का?" या ओळीचा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा मोलाचा आहे, कारण त्यामुळे पत्रक एका हातातून दुसऱ्या हातात जाते. वाचलेला माणूस ते घरी नेऊन दाखवतो.

ओळ कोणत्या गावासाठी आहे

खानदेश म्हटले तरी सगळीकडे एकच ओळ चालत नाही. अमळनेरात १९४५ साली वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही वनस्पती तुपाची कंपनी सुरू झाली, तीच पुढे विप्रो झाली, आणि त्या परिसरातील अनेक कुटुंबांकडे तिचे समभाग पिढ्यानपिढ्या राहिले. त्या गावात "आजोबांच्या कपाटात शेअर सर्टिफिकेट आहे का?" ही ओळ लोकांना जागच्या जागी थांबवू शकते, आणि त्यामागे बोलण्यासारखे भरपूर आहे : कागदी स्वरूपातील समभाग एकाकडून दुसऱ्याकडे हस्तांतरित करणे १ एप्रिल २०१९ पासून बंद झाले असून त्यासाठी आधी ते डिमॅट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्वरूपात, करून घ्यावे लागतात, आणि सलग सात वर्षे लाभांश न उचललेले समभाग गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे जातात, तेथून ते परत मागता येतात. हीच ओळ शहाद्याच्या बाजारात वाटली तर बहुतेकांना ती परक्या माणसाचा प्रश्न वाटेल. उलट रावेर-यावल पट्ट्यात, जिथे केळीचे पैसे वर्षभर थोडेथोडे येतात, आणि पारोळा-धरणगाव भागात, जिथे कापसाचे पैसे दिवाळीच्या आगेमागे एकदम हातात येतात, तिथे शेतकऱ्यासाठीच्या ओळीही वेगळ्या लिहाव्या लागतात. कापूस विकल्यावर "पहिले कोणते देणे फेडायचे?" हा प्रश्न खरा असतो, केळीवाल्याला तो त्याच रूपात पडत नाही. भुसावळात रेल्वेचे निवृत्त कर्मचारी मोठ्या संख्येने असल्याने निवृत्तीच्या एकरकमी पैशावरची ओळ तिथे जास्त लोकांच्या कामाची ठरेल.

अहिराणीत ओळ लिहावी का, हा प्रश्न समितीच्या बैठकीत हमखास येतो. "तुमना पैसा कोठे शे?" अशी एखादी ओळ धुळे, शिरपूर, अमळनेर, पारोळा या भागांत आपलेपणाने वाचली जाईल. पण भुसावळ, यावल, रावेरच्या बाजूला लेवा बोलीचा वावर आहे आणि तिथे ही ओळ शेजारच्या गावची वाटेल. शिवाय अहिराणीतली ओळ पुष्कळदा विनोदाच्या सुरात वाचली जाते, आणि पैशाच्या नुकसानीसंबंधीच्या विषयाला तो सूर शोभत नाही. माझ्या मते अहिराणी ओळ सोने किंवा बचत अशा मोकळ्या विषयाला वापरावी, ती अहिराणी घरात बोलणाऱ्यानेच लिहावी, आणि ठेवी किंवा कर्जाच्या विषयाला साध्या मराठीतच राहावे.

एक ओळ तयार होताना : ठेवींचे व्याख्यान

मालिकेतील सर्वांत अवघड ओळ ठेवींची असते. खानदेशात पतसंस्थांचे जाळे मोठे आहे, त्यांतील काही बुडाल्याने ठेवीदारांनी सोसलेले हाल लोक विसरलेले नाहीत, आणि त्याच गावात नीट चालणाऱ्या पतसंस्थाही आहेत, ज्यांचे संचालक कदाचित वाचनालयाचे आजीव सभासद असतील. या ओळीत थोडी बेफिकिरी झाली तर एक तर कोणी येत नाही, नाही तर गावात घबराट पसरते. म्हणून ही ओळ टप्प्याटप्प्याने कशी घडते ते सविस्तर पाहू.

व्याख्यानाचा गाभा असा धरू. बँकेतील ठेवींना ठेव विमा व पतहमी महामंडळ या रिझर्व्ह बँकेच्या मालकीच्या संस्थेकडून विमा असतो. ४ फेब्रुवारी २०२० पासून त्याची मर्यादा पाच लाख रुपये आहे. ही मर्यादा एका बँकेतील एका ठेवीदारासाठी असते, त्या बँकेच्या सर्व शाखांतील त्याच्या ठेवी एकत्र धरल्या जातात, आणि मुद्दल व व्याज दोन्ही तिच्यात मोजले जातात. सहकारी बँकांनाही हा विमा लागू आहे. पतसंस्था मात्र बँक नसते, ती सहकार कायद्याखाली नोंदलेली संस्था असते, आणि तिच्यातील ठेवींना ही योजना लागू होत नाही.

पहिला मसुदा सहज सुचतो तो असा : "तुमची ठेव सुरक्षित आहे का?" ही ओळ वाईट नाही, पण ती इतकी वापरली गेली आहे की विमा एजंटाच्या फलकावर, बँकेच्या कॅलेंडरवर आणि पतसंस्थेच्या स्वतःच्या जाहिरातीवरही ती शोभून दिसते. जी ओळ दुसऱ्या कोणाच्याही कागदावर तशीच चिकटवता येते, तिने वाचनालयाचे काम होत नाही.

दुसऱ्या मसुद्यात लिहिणारा जोर वाढवतो : "पतसंस्था बुडाली तर तुमचे काय?" आता ओळ नक्की वाचली जाईल, पण तिचे परिणाम वाचनालयाच्या हातात राहणार नाहीत. पत्रक हातात पडलेला माणूस पहिला प्रश्न विचारील तो "कोणती बुडाली?" हा, आणि तालुक्याच्या गावात या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही तर लोक स्वतःच ते तयार करतात. ठेवीदार एकाच वेळी पैसे काढायला गेले की चांगली चाललेली संस्थाही अडचणीत येते, कारण ठेवींचा मोठा भाग कर्जरूपाने बाहेर असतो. ज्या ओळीमुळे असे होऊ शकते ती ओळ सार्वजनिक संस्थेने छापू नये, असे मला ठामपणे वाटते.

तिसरा मसुदा माहिती देतो : "बँक बुडाली तरी पाच लाख मिळतात. पतसंस्था बुडाली तर?" इथे दोन दोष आहेत. एक, भीती तशीच आहे. दोन, पहिले वाक्य जसे लिहिले आहे तसे खरे नाही. पाच लाख ही कमाल मर्यादा आहे. दोन लाखांची ठेव असलेल्याला पाच लाख मिळत नाहीत, आणि एकाच बँकेत सात लाख असतील तर वरच्या दोन लाखांना विमा नाही. सभागृहात असा माणूस नक्की उठतो ज्याची ठेव सात लाखांची आहे, आणि तो पत्रक दाखवून विचारतो. पैशाच्या विषयावरील पत्रकात अर्धवट खरे वाक्य लांबलचक वाक्यापेक्षा जास्त महाग पडते.

चौथ्या मसुद्यात कागदाकडे वळावे : "ठेवपावतीवर 'बँक' लिहिले आहे की 'पतसंस्था'? या एका शब्दावर ठेवीचा विमा ठरतो." ही ओळ हवी तशी आहे असे वाटते. भीती नाही, वस्तू घरातली आहे, आणि वाचणारा घरी जाऊन पावती काढून पाहील. पण हा मसुदा ठेवींचे काम जाणणाऱ्या वक्त्याकडे, म्हणजे एखाद्या निवृत्त बँक अधिकाऱ्याकडे, पाठवला की तो लाल शाईने खूण करतो. काही सहकारी संस्था परवानगी नसताना आपल्या नावात 'बँक' हा शब्द वापरत असल्याचे सांगून रिझर्व्ह बँकेनेच नोव्हेंबर २०२१ मध्ये जनतेला सावध केले होते. तेव्हा पावतीवर 'बँक' दिसले म्हणून विमा आहेच असे मानणाऱ्याची आपल्या ओळीने फसगत होऊ शकते. खरी खूण म्हणजे त्या संस्थेकडे रिझर्व्ह बँकेचा बँकिंग परवाना आहे की नाही ही, आणि तो तपासायला व्याख्यानात शिकवता येते.

पाचवा मसुदा म्हणून पुढील मजकूर ठरवावा :

"तुमच्या ठेवीला विमा आहे का?
ठेवपावती काढून पाहा : बँकेची की पतसंस्थेची?"

आणि त्याखाली लहान टाइपात : "परवानाधारक बँकांतील ठेवींना ठराविक मर्यादेपर्यंत विमा असतो, पतसंस्थांतील ठेवींना ही योजना लागू नाही. मर्यादा कशी मोजतात आणि कुठेही ठेव ठेवण्यापूर्वी कोणते कागद मागायचे, ते या व्याख्यानात समजून घेऊ." यात ओळीचा प्रश्न आणि उत्तराचा सांगाडा वेगवेगळ्या ठिकाणी राहतो. मोठी ओळ कोणावरही आरोप करीत नाही, लहान मजकूर शब्दशः खरा आहे, आणि "कुठेही" या शब्दामुळे व्याख्यान एका प्रकारच्या संस्थांविरुद्ध आहे असे वाटत नाही. "विमा नाही" असे सरसकट न लिहिता "ही योजना लागू नाही" असे लिहिण्याचेही कारण आहे : पतसंस्थांच्या ठेवींसाठी राज्यपातळीवर वेगळ्या निधीची चर्चा होत आली आहे, आणि पत्रक छापल्यावर त्यात काही बदल झाला तरी आपले वाक्य खोटे ठरू नये.

पाच लाखांचा आकडा मोठ्या ओळीत घालण्याचा मोह टाळावा. आकड्याने लक्ष वेधले जाते हे खरे, पण तो आकडा अटींवाचून अपुरा असतो आणि सरकारने मर्यादा बदलली तर उरलेला गठ्ठा वाया जातो. हाच नियम व्याजदरांना अधिक कडकपणे लावावा. अल्पबचत योजनांचे दर दर तिमाहीला जाहीर होतात, त्यामुळे "अमुक टक्के व्याज" असे पत्रकात कुठेच असू नये. महिन्याचे दोन टक्के म्हणजे वर्षाचे चोवीस, किंवा २० रुपयांची पासबुकातील नोंद, असे आकडे चालतात. पहिला गणिताचा आहे आणि दुसरा वाचणाऱ्याला स्वतः पाहता येतो. तरीही छपाईच्या दिवशी प्रत्येक आकडा संबंधित संस्थेच्या संकेतस्थळावर पुन्हा पाहून घ्यावा.

उत्तर ओळीत किती द्यावे

याबाबत दोन टोके दिसतात. काही पत्रके सगळे रहस्यात ठेवतात ("पैशाचे हे गुपित तुम्हाला कोणी सांगितले नसेल") आणि त्यामुळे ती गावोगावी फिरणाऱ्या साखळी योजनांच्या पत्रकांसारखी दिसतात. काही पत्रके सगळे सांगून टाकतात आणि मग येण्याचे कारण उरत नाही. माझा अनुभव असा की प्रश्न पूर्ण सांगावा, उत्तराची दिशा सांगावी आणि उत्तर काढण्याची रीत व्याख्यानासाठी ठेवावी. कर्जाच्या विषयात हे चांगले दिसते. समजा एक लाखाचे कर्ज 'सरळ १२ टक्के' दराने बारा हप्त्यांत दिले. व्याज बारा हजार, एकूण एक लाख बारा हजार, हप्ता सुमारे ९,३३३ रुपये. पण प्रत्येक हप्त्याने मुद्दल कमी होत जाते, आणि व्याज मात्र पहिल्या दिवसाच्या पूर्ण एक लाखावर वर्षभर धरलेले असते. वर्षभरात सरासरीने हातात राहिलेली रक्कम साधारण निम्मीच असते. त्यामुळे घटत्या शिलकीवर मोजलेला खरा दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास येतो. पत्रकावर एवढेच लिहावे : "एक लाखाचे कर्ज, १२ टक्के, बारा हप्ते, हप्ता ९,३३३. हे १२ टक्के खरोखर १२ च आहेत का?" ज्या बचत गटातल्या स्त्रियांनी असे हप्ते भरले आहेत त्यांना हप्त्याचा आकडा ओळखीचा वाटतो, आणि साडेएकवीस हा आकडा कसा येतो हे फळ्यावर पाहायला त्या येतात.

नॉमिनीच्या व्याख्यानाला ओळ लिहिताना मात्र जपावे. "नॉमिनी म्हणजे मालक नव्हे" ही ओळ कायद्याच्या दृष्टीने बरोबर आहे : नामनिर्देशनाने वारसाहक्क बदलत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये कंपन्यांच्या समभागांबाबतही स्पष्ट केले. पण ज्या घरात वाटणीवरून आधीच वाद आहे, तिथे असे पत्रक एका भावाने दुसऱ्याच्या तोंडावर धरण्याची वस्तू होते. "नॉमिनीचे नाव लावले. इच्छापत्राचे काय?" ही ओळ तोच विषय पुढच्या कामाकडे नेते, म्हणून ती मला बरी वाटते.

छापण्याआधीची परीक्षा

ओळ ठरली की ती साध्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून वाचनालयाच्या वृत्तपत्र विभागात सकाळी येणाऱ्या काही वाचकांना दाखवावी. "ओळ कशी वाटली?" असे विचारू नये, सगळे "छान आहे" म्हणतात. कागद क्षणभर दाखवून उलटा करावा आणि "हे कशाबद्दल आहे?" एवढेच विचारावे. मग त्यांच्या उत्तरातून आणि उलट प्रश्नातून ओळीचा दोष कळतो. वाचक "फॉर्म कुठे मिळेल?" असे विचारू लागला तर ओळ सरकारी योजनेच्या घोषणेसारखी वाचली गेली आहे. "किती टक्के देता?" असे विचारले तर ती ठेवी गोळा करणाऱ्याच्या जाहिरातीसारखी झाली आहे, आणि हा दोष सर्वांत गंभीर समजावा. "कोणती संस्था?" असा प्रश्न आला तर भीती अजून शिल्लक आहे. वाचकाने आपल्याच ठेवीबद्दल किंवा मेव्हण्याच्या कर्जाबद्दल बोलायला सुरुवात केली की ओळ छापायला द्यावी.

"किती टक्के देता?" हा दोष नुसत्या ओळीने जात नाही. त्यासाठी पत्रकाच्या खालच्या भागात एक वाक्य ठळकपणे असावे : "प्रवेश विनामूल्य. या व्याख्यानांत कोणतीही योजना, पॉलिसी किंवा शेअर सुचवले अथवा विकले जाणार नाहीत." हे वाक्य छापण्यापूर्वी प्रत्येक वक्त्याची लेखी संमती घ्यावी. शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीकडे नोंदणी नसलेल्या व्यक्तीला मोबदला घेऊन गुंतवणुकीचा सल्ला देता येत नाही, आणि व्याख्यान संपल्यावर दारात व्हिजिटिंग कार्डे वाटणारा वक्ता वाचनालयाचे पुढचे चार शनिवार रिकामे करतो. वक्ते शोधताना जिल्हा अग्रणी बँकेकडे आर्थिक साक्षरता केंद्राविषयी विचारणा करावी. तिथल्या समुपदेशकांना काही विकायचे नसते.

डीटीपी आणि छपाईतील ओळ

पत्रक बहुधा ए-४ कागदाचे दोन भाग करून, म्हणजे ए-५ आकारात, एका रंगात छापले जाते. त्याची रुंदी १४८ मिलीमीटर असते. दोन्ही बाजूंना दहा-दहा मिलीमीटर सोडले तर ओळीला १२८ मिलीमीटर मिळतात. छत्तीस पॉइंटच्या ठळक टाइपात तेवढ्या जागेत साधारण पंधरा ते अठरा अक्षरे बसतात. "तुमच्या ठेवीला विमा आहे का?" ही ओळ म्हणून एका दमात किंवा फार तर दोन ओळींत येते. दोन ओळी कराव्या लागल्या तर "तुमच्या ठेवीला" वर आणि "विमा आहे का?" खाली घ्यावे. डीटीपी करणारा जागा पाहून "तुमच्या ठेवीला विमा / आहे का?" असे तोडतो, तेव्हा खालची ओळ एकटी वाचली तर तिला अर्थ राहत नाही.

ओळ जागेत बसवण्यासाठी अक्षरांमधले अंतर वाढवू किंवा कमी करू देऊ नये, कारण देवनागरीत शिरोरेघ तुटते किंवा अक्षरे एकमेकांवर चढतात. दोन ओळींमधली जागाही मोकळी ठेवावी : छत्तीस पॉइंटच्या टाइपाला चव्वेचाळीस-शेहेचाळीस पॉइंटांचे अंतर दिले नाही तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडतात. काळ्या पट्टीवर पांढरी अक्षरे हा अनेकांचा आवडता प्रकार आहे, पण स्वस्त कागदावर शाई पसरून 'स्थ', 'क्ष', 'ष' यांची पोकळी भरते आणि "पतसंस्था" हा आपल्या ओळीतला मुख्य शब्दच डाग होतो. पिवळ्या किंवा फिकट गुलाबी कागदावर साधी काळी अक्षरे सर्वांत नीट उमटतात.

मजकूर मोबाइलवर युनिकोडमध्ये लिहून पाठवला आणि डीटीपीच्या जुन्या फॉण्टमध्ये बदलला गेला की रफार पुढे-मागे सरकतो, "ऱ्या" फुटतो आणि "नॉमिनी"चे "नाँमिनी" होते. रुपयाचे चिन्ह पुष्कळ जुन्या फॉण्टांत नसते, म्हणून "रुपये" असेच लिहावे. प्रूफ मोबाइलच्या पडद्यावर न पाहता कागदावर, खऱ्या आकारात मागवावे, आणि पहिली ओळ शेवटच्या अक्षरापासून उलटी वाचून तपासावी. सरळ वाचताना डोळा चूक सुधारून घेतो.

वाटप आणि नंतरची मोजणी

व्याख्यानाच्या तीन-चार दिवस आधी वर्तमानपत्रातून, आणि आदल्या दिवशी आठवडे बाजार किंवा एसटी स्टॅण्डवर हातोहात, असे दोन टप्पे पुरेसे होतात. दोन ओळींपैकी कोणती चालते हे पाहायचे असेल तर अर्ध्या पत्रकांवर खालच्या कोपऱ्यात लहान 'क' आणि उरलेल्यांवर 'ख' छापावा, दोन्ही प्रकार प्रत्येक ठिकाणी मिसळून वाटावेत, आणि "हे पत्रक आणणाऱ्यास टिपणाची प्रत मिळेल" असे लिहून दारात पत्रके जमा करावीत. एक प्रकार फक्त बाजारात आणि दुसरा फक्त पेपरातून गेला तर मोजणी ओळीची न होता जागेची होते. आणि जमा पत्रकांत पाच-सहांचाच फरक असेल तर त्यावरून काही ठरवू नये. एखादे कुटुंब सगळे मिळून आले तरी तेवढा फरक पडतो.

पुढच्या शनिवारची ओळ मात्र या मोजणीपेक्षा सभागृहातूनच चांगली मिळते. व्याख्यान संपल्यावरचे प्रश्न एका कार्यकर्त्याने विचारणाऱ्याच्याच शब्दांत वहीत उतरवावेत, त्यांची भाषा सुधारू नये. ठेवींच्या व्याख्यानानंतर कोणी विचारले की "माझ्या नावावर तीन लाख आणि आमच्या दोघांच्या जोडीला चार लाख, मग सात धरायचे की वेगवेगळे?", तर तो प्रश्न अगदी नेमका आहे, कारण स्वतंत्र आणि संयुक्त नावावरील ठेवी विम्यासाठी वेगळ्या मोजल्या जातात. संयुक्त खाती, नॉमिनी आणि वारस यांवरच्या पुढील व्याख्यानाच्या पत्रकावर तो प्रश्न, विचारणाऱ्याची ओळख न देता आणि रकमा बदलून, जवळपास जसाच्या तसा छापता येतो.